मीथिंक्स आणि बिट्विक्स्ट

'मीथिंक्स' व 'बिट्विक्स्ट' हे इंग्रजी भाषेतील दोन कालबाह्य शब्द आहेत. दैनंदिन इंग्रजीत ते आता वापरले जात नाहीत. मात्र अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील कादंबऱ्यांमध्ये ते वारंवार आढळतात. 'मीथिंक्स' म्हणजे 'मला वाटते' किंवा 'मला भासते' आणि 'बिट्विक्स्ट' म्हणजे 'दोहोंच्या मध्ये'.

मीथिंक्स : व्युत्पत्ती

हा शब्द 'मी विचार करतो' या अर्थाचे अशुद्ध इंग्रजी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. मराठी वाचकाची फसगत होण्यास आणखी एक कारण आहे. शब्दारंभीचा 'मी' मराठी कानाला कर्त्यासारखा ऐकू येतो. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ 'मला' असा आहे. शब्दाचा दुसरा भागही तितकाच फसवा आहे. प्राचीन इंग्रजीत एकमेकांशी नाते असलेली दोन निरनिराळी क्रियापदे होती. एकाचा अर्थ 'विचार करणे', तर दुसऱ्याचा 'वाटणे, भासणे'. पहिल्याचे भूतकाळी रूप 'थोहते' व दुसऱ्याचे 'थूहते' असे होते. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत स्वर बदलत गेले, दोन्ही क्रियापदांचे उच्चार एकरूप झाले आणि 'वाटणे' हे क्रियापद स्वतंत्रपणे नाहीसे झाले. 'मीथिंक्स' आणि त्याचे भूतकाळी रूप 'मीथॉट' यांत तेवढे ते शिल्लक राहिले. जर्मन भाषेत ही दोन्ही क्रियापदे आजही वेगळी आहेत.

मराठीत नेमकी हीच रचना जिवंत आहे. 'मला वाटते' या वाक्यात 'मला' हे चतुर्थीचे रूप असल्यामुळे क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलत नाही. पुरुष 'मी विचार करतो' म्हणतो आणि स्त्री 'मी विचार करते' म्हणते. पण 'मला वाटते' हे दोघांचेही सारखेच. 'मीथिंक्स'मधील अखेरचा 'स' हा तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय असून त्याचे कारणही हेच आहे. जे वाटते ते येथे कर्त्याच्या जागी असते आणि ज्याला वाटते तो केवळ अनुभव घेणारा असतो. त्यामुळे हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरतो.

भाषांतरात याला महत्त्व आहे. 'मीथिंक्स द डोअर इज लॉक्ट' या वाक्याचे 'दार बंद आहे असा मी विचार करतो' असे भाषांतर चुकीचे व कृत्रिम होईल. 'दाराला कुलूप असावेसे वाटते' हे मुळाला धरून आहे, कारण वक्ता निष्कर्ष काढत नसून आपली जाणीव बोलून दाखवीत आहे.

वापर

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या लेखनात 'मी थिंकेथ' असे दोन सुटे शब्द दिसतात. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राणी गर्ट्रूडच्या तोंडी आलेले 'मीथिंक्स' सर्वांत प्रसिद्ध आहे. ते वाक्य उद्धृत करताना अनेकदा हा शब्द आरंभी घातला जातो. मूळ नाटकात तो शेवटी आहे. त्याच वाक्यातील 'प्रोटेस्ट' या क्रियापदाचा तेव्हाचा अर्थ 'निषेध करणे' नसून 'आणाभाका घेणे' असा होता. तेथे वाचक बहुधा दुसऱ्यांदा चकतो.

कादंबरीकारांनी हा शब्द योजला तेव्हा तो जुना झालेलाच होता. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'चे कथानक बाराव्या शतकातील आहे. त्यातील पात्रे 'मीथिंक्स' म्हणतात ती काळाचा आभास निर्माण व्हावा म्हणून. त्या काळचे खरे इंग्रजी एकोणिसाव्या शतकातील वाचकाला कळलेही नसते. हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मधील (1851) निवेदक इश्माएल मात्र लेखकाचा समकालीन आहे. मरणाविषयी चिंतन करताना तो हा शब्द वापरतो, तेव्हा भाषेला प्रवचनाचे गांभीर्य येते आणि थोडा मिस्कीलपणाही. मराठीत पहिल्या ठिकाणी 'मज वाटते' शोभेल. दुसऱ्या ठिकाणी साधे 'मला वाटते' अपुरे पडते आणि भाषांतरकाराला पूर्ण वाक्याचाच सूर चढवावा लागतो.

बिट्विक्स्ट

या शब्दाची गोष्ट तुलनेने सरळ आहे. 'बिट्वीन' व 'बिट्विक्स्ट' या दोहोंच्या मुळाशी 'दोन' या अर्थाचा धातू असून त्यांच्या अर्थांत फरक नाही. अखेरचा 'ट' मुळातला नव्हे. 'अमंग्स्ट', 'व्हाइल्स्ट' या शब्दांप्रमाणे तो उच्चारात नंतर जोडला गेला. पद्यात मात्रा वाचवण्यासाठी आरंभीचा 'बि' गाळून नुसते 'ट्विक्स्ट' लिहीत. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'मध्ये (1850) हा शब्द निवेदनातही येतो. त्यामुळे तो केवळ सतराव्या शतकातील पात्रांच्या बोलीचा नमुना समजू नये.

'बिट्विक्स्ट अँड बिट्वीन' या जोडशब्दात तो आजही टिकून आहे. त्याचा अर्थ 'धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही' असा होतो. जे. एम. बॅरीच्या 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स'मध्ये (1906) धड पक्षी नाही आणि धड माणूसही नाही अशा पीटरला हेच विशेषण लावले आहे.