अर्धे चुंबन आणि सोन्याची गुंडी : ‘अ पॅसेज टू इंडिया’ लेबल न लावता वाचताना

#धागा

१/
१९२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी कादंबरीच्या शेवटच्या पानावर दोन पुरुष घोड्यांवरून रपेट करीत आहेत. एक हिंदी मुसलमान डॉक्टर, दुसरा इंग्रज प्राचार्य. डॉक्टर संतापाने ओरडतो की आधी तुम्हा इंग्रजांना समुद्रात ढकलू, मग आपण दोघे मित्र होऊ. हे म्हणताना तो घोडा दुसऱ्याच्या अगदी जवळ आणतो आणि त्याचे जवळजवळ चुंबन घेतो. दुसरा त्याला प्रेमाने धरून विचारतो की मित्र आताच का होऊ नये? तेवढ्यात घोडे फाकतात, वाट अरुंद होते, आणि भोवतालची सारी सृष्टी जणू ‘इतक्यात नाही’ असे सांगते. कादंबरी संपते.

२/
ही ई. एम. फॉर्स्टर यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’. डॉक्टरचे नाव अझीझ, प्राचार्याचे सिरिल फील्डिंग. बहुतेक कथा गंगेकाठच्या काल्पनिक चंद्रपुरात घडते. आपल्या विदर्भातील चंद्रपूरशी त्याचा संबंध नाही. कथानकाच्या केंद्रस्थानी मारबार लेण्यांतील प्रसंग आणि अझीझवरील खटला आहे. पण त्याच्याशेजारून या दोन पुरुषांच्या ओढीची दुसरी कथा वाहते, आणि शेवटचे पान तिलाच मिळते. त्या अर्ध्या चुंबनाचे वाचकाने काय करायचे?

३/
दोन उत्तरे सहज सुचतात. पहिले असे की ती निव्वळ मैत्री आहे, उगाच भलते अर्थ काढू नयेत. दुसरे असे की दोघेही समलैंगिक आहेत, काळाच्या धाकाने लेखकाने ते झाकले. दोन्ही उत्तरांत मला घाई दिसते. पहिले उत्तर कागदावर छापलेली गोष्ट वाचायचे नाकारते. दुसरे न छापलेली गोष्ट वाचते.

४/
दुसरे उत्तर मोहात पाडते, कारण लेखकाचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे. फॉर्स्टर यांचे प्रेम पुरुषांवर होते. १८८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधील शरीरसंबंधाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांना तीच शिक्षा झाली, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते. १९१३-१४ मध्ये त्यांनी ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि आयुष्यभर छापली नाही. त्यांच्या निधनानंतर, १९७१ साली, ती प्रसिद्ध झाली.

५/
‘पॅसेज’ची अर्पणपत्रिका आहे सय्यद रॉस मसूद यांना. सर सय्यद अहमद खान यांचा हा नातू इंग्लंडमध्ये शिकायला आला, तेव्हा १९०६ साली फॉर्स्टर त्याचे लॅटिनचे शिक्षक झाले आणि पुढे त्याच्या प्रेमात पडले. मसूदने गाढ स्नेह दिला, पण ज्या अर्थाने फॉर्स्टर यांना हवे होते त्या अर्थाने नाही. एवढे कळल्यावर ‘अझीझ म्हणजे मसूद, फील्डिंग म्हणजे फॉर्स्टर’ असे समीकरण मांडून मोकळे व्हावेसे वाटते. परंतु चरित्र फार तर कुठे पाहावे हे सांगते. तिथे काय आहे ते संहितेनेच सांगायला हवे. म्हणून तीन जागा पाहू.

६/
पहिली जागा, सातवे प्रकरण. अझीझ प्रथमच फील्डिंगच्या घरी येतो. यजमान आंघोळ करून आतल्या खोलीत कपडे करीत आहे. दाराच्या धूसर काचेतून त्याची केवळ आकृती दिसते. दोघांचे बोलणे दाराआडूनच सुरू होते, आणि अझीझ त्या आकृतीवरून थट्टेने त्याची उंचीही सांगतो. त्या काळी ताठ कॉलर सुटी असे आणि मागेपुढे गुंडी लावून ती सदऱ्याला जोडावी लागे. फील्डिंगच्या पायाखाली त्याची शेवटची गुंडी चिरडते. अझीझ म्हणतो, माझ्याकडे एक जादा आहे; आणि बाजूला सरून स्वतःच्या कॉलरची सोन्याची गुंडी उपसून काढतो. आत जाऊन ती स्वतःच्या हाताने फील्डिंगच्या मानेशी बसवतो.

७/
कथानकाला या प्रसंगाची गरज नाही. दोघांची ओळख चहाच्या टेबलावरही झाली असती. लेखकाने मात्र आडपडदा, अर्धवट कपडे, खोटे बोलून केलेले दान आणि मानेला झालेला स्पर्श एवढे सारे एका लहानशा वस्तूभोवती रचले. गरजेपेक्षा जास्त असलेला असा तपशील हा सूचितार्थाचा पहिला पुरावा. पण तो कशाचा पुरावा आहे, हे पुढच्याच प्रकरणात कळते. इंग्रज न्यायाधीश रॉनी हीस्लॉप अझीझची कॉलर मागून वर सरकलेली पाहतो आणि म्हणतो की हिंदी माणूस असाच, नटूनथटून येईल आणि गुंडी विसरेल! प्रेमाने केलेले दान साम्राज्याच्या नजरेला वंशाचा गबाळेपणा दिसते. वाचकाला खरे ठाऊक असते. रॉनीला ते कधीच कळत नाही. जवळीक आणि तिला न दिसू देणारी सत्ता, दोन्ही त्या एकाच गुंडीत आहेत.

८/
दुसरी जागा त्याच चहापानाच्या शेवटी येते, आणि तिथे मराठी वाचकाचे पारडे जड आहे. प्राध्यापक नारायण गोडबोले एक गीत म्हणतात आणि मग समजावतात की मी स्वतःला गौळणीच्या जागी ठेवतो, कृष्णाला ‘ये’ म्हणतो, आणि तो येत नाही. परदेशी वाचकाला पुरुषाने स्त्री होऊन पुरुषाला आळवणे यात गोडबोल्यांच्या अंतरंगाची गुप्त कबुली दिसू शकेल. आपण ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि संतांच्या गौळणी ऐकत वाढलो. तो भक्तीतला रूढ पवित्रा आहे, आणि त्यावरून गाणाऱ्याच्या खाजगी वासनेविषयी काहीच सिद्ध होत नाही. ही दुसरी कसोटी : जे आपल्याला विलक्षण वाटते, ते त्या परंपरेत नेहमीचे तर नाही ना?

९/
फॉर्स्टर यांना हा पवित्रा ठाऊक व्हायला मराठी वाटही होती. १९२१ साली ते देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. तिथे पाहिलेल्या गोकुळाष्टमीवरून कादंबरीचा तिसरा भाग उभा राहिला. त्यात गोडबोले तुकारामांच्या नावाने गातात. तरीही एक गोष्ट उरते. रूढ पवित्रा परंपरेचा असला, तरी तो निवडून कादंबरीत आणला लेखकाने. न येणाऱ्याला ‘ये’ म्हणत राहणे हाच अझीझ-फील्डिंग कथेचाही आकार आहे. ओढ गोडबोल्यांच्या मनात शोधू नये; ती रचनेत आहे.

१०/
तिसरी जागा, अकरावे प्रकरण. आजारी अझीझला भेटून फील्डिंग निघताना अझीझ त्याला थांबवतो आणि मृत पत्नीचे छायाचित्र दाखवतो. ती पडद्यात राहणारी होती. भावाखेरीज परपुरुषाला हे दाखवायचे नसते, आणि म्हणूनच हे दाखवणे म्हणजे फील्डिंगला भाऊ म्हणणे आहे. लेबल लावणाऱ्यांसाठी ही अवघड जागा. अझीझचे पत्नीवरील प्रेम खरे आहे, स्त्रियांविषयी तो मोकळेपणाने बोलतो, त्याला मुले आहेत. फील्डिंग पुढे स्टेलाशी लग्न करतो. ही सारी माणसे केवळ मुखवटे लावून वावरतात असे म्हटले, तर छायाचित्राचा प्रसंगच खोटा ठरतो.

११/
मग अझीझपाशी या नात्यासाठी शब्द कोणता? दोस्ती, भाईचारा, आणि त्याला पाठ असलेल्या उर्दू-फारसी शायरीची भाषा. गझलेत प्रेमपात्राचा उल्लेख व्याकरणाने पुल्लिंगी होतो. प्रियकर, मित्र आणि ईश्वर यांच्यातली सीमा तिथे मुद्दाम पुसट ठेवलेली असते. इंग्लंडमध्ये त्याच काळात वैद्यकशास्त्र माणसांचे प्रकार पाडून त्यांना नावे देत होते. अझीझ त्या यादीत राहत नाही. तिच्यातला शब्द त्याला चिकटवला, तर त्याच्या भाषेत जे मावत होते तेच आपण कापून टाकू.

१२/
आता पुन्हा शेवटच्या पानावर येऊ. समजा, दोघे समलैंगिक होते आणि त्यांनी ते लपवले असे मानले. मग ते वेगळे का झाले याचे उत्तर ‘लपवल्यामुळे’ असे होते, आणि कादंबरीने दिलेले कारण, म्हणजे साम्राज्य, पुसले जाते. उलट निव्वळ मैत्री म्हटले, तर ते अर्धे चुंबन पुसले जाते. फॉर्स्टर यांनी एकाच वाक्यात घोषणा आणि चुंबन एकत्र ठेवले आहे. राज्यकर्ता आणि रयत यांच्यात जवळीक किती टोकाला जाऊ शकते आणि नेमकी कुठे अडते, हे तिथे दिसते. आपल्याला तीव्र, शारीरिक, नाव नसलेली ओढ वाचता येते; तिला आजचे नाव दिले की तिची अडचण दिसेनाशी होते.

१३/
नाव न देण्याचा अर्थ गोष्ट गोड करणे असाही नाही. देवासच्या वास्तव्यावर फॉर्स्टर यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ छापले. त्यातून एक टिपण वगळले होते, ते १९८३ मध्ये बाहेर आले. दरबारातील एका न्हाव्याशी आलेल्या संबंधांची ती कबुली आहे. समोरच्याला हक्क नव्हते आणि आपल्याला जाब विचारणारे कोणी नव्हते, ही जाणीव फॉर्स्टर यांनीच त्यात नोंदवली आहे. ज्याने अझीझच्या हातून गुंडी दिली, त्यालाच रॉनीच्या खुर्चीतली सत्ता आतून ठाऊक होती. कादंबरीचा शेवट इतका कठोर का, हे मला या टिपणानंतर अधिक कळले.

१४/
‘तेव्हा असले काही नव्हते’ असे कोणी म्हटले, तर त्याला सातवे प्रकरण दाखवावे. ‘ते आपल्यासारखेच होते’ असे कोणी म्हटले, तर अकरावे. आणि दोघांनाही शेवटच्या पानावर आणून विचारावे की घोडे फाकले ते कशामुळे?

(धागा समाप्त)