रमाईचा त्याग की बरोबरीचा वाटा?

1920 मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये परतले. तिकडे ते अर्धपोटी अभ्यास करत होते, इकडे परळच्या चाळीत रमाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. आपण याला ‘त्याग’ म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. बाबासाहेबांनी मात्र ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक रमाईंच्या स्मृतीस अर्पण करताना, कोणी पाठीशी नव्हते त्या दिवसांत त्यांनी सोबत सोसले, हे लेखी नोंदवले. पण तोवर रमाई हयात नव्हत्या. त्या 1935 मध्येच गेल्या. मित्रांनो, पुण्याला किंवा दुबईला असाल तर घरच्या जोडीदाराच्या कष्टांची ही नोंद आजच करा. न मोजलेल्या कष्टांतूनच कडवटपणा साचतो.