टोपणनावाचे खाते

खऱ्या नावाऐवजी स्वतः निवडलेल्या नावाने उघडलेले आणि वर्षानुवर्षे त्याच नावाने चालवलेले इंटरनेटवरील खाते. निनावी चिठ्ठी एकदाच येते आणि संपते. टोपणनावाला मात्र मागचे लेखन, ओळखीचे वाचक, जुनी भांडणे आणि पत असते. मराठीत ही रीत छापखान्याच्या काळापासून आहे. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांची पत्रे 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने छापून आली. इंटरनेटवर मायबोली (1996) आणि मिसळपाव (2007) यांच्या काळात अशा नावाला ‘आयडी’ आणि एकाच माणसाच्या दुसऱ्या, लपवलेल्या नावाला ‘डुआयडी’ म्हणण्याची सवय पडली.

अशा खात्याचे संरक्षण एका गोष्टीवर उभे असते: माणसाविषयीची माहिती वेगवेगळ्या हातांत विखुरलेली असते. वाचकाला फक्त नाव आणि मजकूर दिसतो. संकेतस्थळाच्या चालकांकडे नोंदणीचा ईमेल किंवा मोबाइल क्रमांक, प्रत्येक वेळचा आयपी पत्ता, वेळ आणि ब्राउझरचा प्रकार असतो, पण त्या पत्त्यामागचा माणूस त्यांना ठाऊक नसतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तो पत्ता त्या क्षणी कोणत्या ग्राहकाकडे होता हे माहीत असते, पण त्याने काय लिहिले हे सहसा माहीत नसते. हे तिन्ही तुकडे एकत्र आले की नाव उघडे पडते. म्हणून ‘मी सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणापासून, हे आधी ठरवावे लागते. शेजाऱ्यापासून किंवा मालकापासून लपायला साधे टोपणनाव बहुधा पुरते, पोलिसांच्या लेखी मागणीपुढे ते पुरत नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. कचेरीतला कारकून, डाइंग मास्तर आणि मालकाचा मुलगा एकाच वायफायवर असतील, तर बाहेरच्या जगाला तिघांचा पत्ता एकच दिसतो. मोबाइलवर ही गर्दी आणखी मोठी असते, कारण मोबाइल कंपन्या एक सार्वजनिक पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. त्यातून एक माणूस शोधायला पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. चालकाकडची नोंद साधारण अशी असते:

```
203.0.113.24:51544 2024-08-12T18:40:07Z POST /reply
```

शेवटच्या `Z`चा अर्थ ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले की 13 ऑगस्टची रात्र, 12 वाजून 10 मिनिटे होतात. म्हणजे तारीखसुद्धा बदलते. कोणी हीच नोंद 12 तारखेची संध्याकाळ समजून कंपनीकडे पाठवली, तर उत्तरात नाव येईलच, पण ते दुसऱ्याच ग्राहकाचे असू शकेल.

पत्त्यावरून माणूस ठरवताना चूक झाली तर काय होते, हे महाराष्ट्राने 2007 मध्ये पाहिले आहे. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकणाऱ्या खात्याचा पुणे पोलिसांनी तपास केला. गूगलकडून आयपी पत्ता मिळाला आणि इंटरनेट कंपनीकडून त्या पत्त्यामागच्या ग्राहकाचे नाव. त्यावरून ऑगस्टअखेरीस बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. कंपनीने दिलेला तपशील चुकीचा होता आणि त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तरी त्याचे सुमारे 50 दिवस कोठडीत आणि येरवडा तुरुंगात गेले. टोपणनावामागचा माणूस शोधताना निरपराध माणूस सापडणे हे या व्यवस्थेचे सर्वांत भयंकर अपयश आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. आयपी पत्ता जोडणी दाखवतो, टंकणारी बोटे दाखवत नाही. जप्त केलेल्या यंत्रावरच्या खुणा, खात्यातील प्रवेशाच्या इतर नोंदी आणि त्या वेळी ती व्यक्ती कुठे होती, हे जुळल्याशिवाय नाव पक्के मानू नये.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक टोपणनावे पोलिसांशिवायच उघडी पडतात, आणि ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याच मजकुरातून. समजा, त्याच कारखान्यातला कोणी मजुरीच्या थकबाकीविषयी लिहितो. तो सोलापूरचा आहे हे आधीच कळलेले असते. मग टेरी टॉवेलचा उल्लेख येतो, पुढे कधी तरी रात्रपाळीचा, कधी गड्ड्याच्या जत्रेत मुलगी हरवल्याचा, कधी घरी तेलुगू बोलतात याचा. एकेक गोष्ट हजारोंना लागू पडते, पण सगळ्या मिळून कदाचित दोघांनाच, आणि सुपरवायझरला त्या दोघांतला कोण हे लगेच समजते. वर्षभराच्या आपल्या लेखनातून गाव, धंदा, पाळी, कुटुंब आणि प्रसंग एका कागदावर उतरवून, ओळखीच्या किती जणांना ते सगळे लागू पडते हे मोजले, की धोक्याचा अंदाज येतो.

भाषाही माग देते. ‘काय करायलास’ असे लिहिणारा सोलापूर-मराठवाड्याकडचा हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. संगणक त्याहून बारीक पाहतो: स्वल्पविराम कुठे पडतात, कोणती अव्यये वारंवार येतात, कोणत्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात. संगणकशास्त्रज्ञ अरविंद नारायणन व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सुमारे 1 लाख इंग्रजी ब्लॉगांवर हा प्रयोग केला. 20 टक्क्यांहून अधिक वेळा खरा लेखक पहिल्याच अंदाजात सापडला. त्यासाठी तुलनेला त्याच माणसाचे खऱ्या नावाचे लेखन मात्र हाती असावे लागते. ज्याने खऱ्या नावाने कुठेच काही लिहिलेले नाही, त्याला ही पद्धत सहसा शोधू शकत नाही.

सर्वांत साधी चूक म्हणजे एकच नाव दोन ठिकाणी वापरणे. ‘सिल्क रोड’ या बेकायदा बाजाराची 2011 च्या सुरुवातीची जाहिरात `altoid` या नावाने झाली होती. त्याच नावाने ऑक्टोबरमध्ये कामासाठी माणूस हवा असल्याचे लिहिताना त्या बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिख्ट याने स्वतःच्या खऱ्या नावाचा जीमेल पत्ता दिला. तपास अधिकाऱ्याला तो साध्या शोधात सापडला आणि 2013 मध्ये उल्ब्रिख्टला अटक झाली. नंतर घेतलेली काळजी आधीचा धागा पुसत नाही.

वेगवेगळ्या हातांतले माहितीचे तुकडे जोडण्याची वाट कायद्याने आखून दिली आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अधिकृत यंत्रणेच्या लेखी आदेशानंतर चालकाने 72 तासांच्या आत माहिती द्यायची असते आणि खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती 180 दिवस ठेवायची असते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावे 5 वर्षे जपायला सांगितले. त्यानंतर काही परदेशी सेवांनी आपले भारतातील सर्व्हर हलवले.

टॉर हे जाळे तीन टप्प्यांतून जाताना पत्ता लपवते, पण ते वापरले जात आहे हे स्थानिक जोडणीवर सहसा दिसते. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर वापरले होते. विद्यापीठाच्या जाळ्यावर त्या वेळी टॉर वापरणारे थोडेच होते. चौकशी झाली आणि त्याने कबुली दिली. कारखान्याच्या वायफायवर टॉर वापरणारा एकटाच असेल, तर त्याला शोधायला टॉर फोडावे लागत नाही.