लांब काठी आणि लोखंडी दांडी : दृष्टिबाधितांच्या बलसाधनेच्या इतिहासातील एक दुवा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेच्या दोन लष्करी रुग्णालयांत दोन स्वतंत्र प्रयोग चालू होते. पेनसिल्व्हानियातील व्हॅली फोर्ज रुग्णालयात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना रिचर्ड हूव्हर लांब काठीच्या आधाराने चालावयास शिकवीत होता. शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या दुबळ्या मांड्यांना मोजून वाढवीत नेलेल्या वजनाचा व्यायाम देत होता. पहिल्या प्रयोगातून आजची काठीविद्या निघाली आणि दुसऱ्यातून आजचे बलवर्धनशास्त्र. मात्र एकाच युद्धाच्या जखमांतून निघालेल्या या दोन विद्यांची गाठ पुष्कळ काळ पडली नाही. दृष्टिबाधित व्यक्तीला व्यायामशाळेत जो खरा धोका संभवतो तो याच न पडलेल्या गाठीत आहे.

हूव्हर लष्करात येण्यापूर्वी मेरीलँडच्या अंधशाळेत गणित आणि शारीरिक शिक्षण शिकवीत असे व तेथील मुलांना कुस्तीही शिकवी. युद्धानंतर तो नेत्रवैद्य झाला. त्याने काठी छातीच्या हाडापर्यंत पोहोचेल इतकी लांब केली. चालताना ती जमिनीलगत दोन्ही बाजूंना फिरवावयाची आणि पाऊल जेथे पडणार ती जागा एक पाऊल आधी तपासावयाची, अशी ही पद्धत. पायरी, खड्डा, खुर्चीचा पाय हे सारे या काठीला कळते. पण कमरेच्या वरचे जग तिला कळत नाही. ही मर्यादा काठी वापरणारे आरंभापासून जाणून होते.

डीलॉर्मची पद्धत १९४५ साली प्रसिद्ध झाली. विशिष्ट वजन लागोपाठ दहा वेळा उचलता यावे आणि अकराव्यांदा उचलता येऊ नये, असे वजन तो आधी शोधी. पुढे १९४८ मध्ये त्याने आर्थर वॉटकिन्सबरोबर हे सूत्र सोपे केले : त्या वजनाच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा उचलण्या. यातूनच वजनाचे हिशेब साधारण व्यायामशाळांत शिरले, आणि त्यांच्याबरोबर रॅक व दांड्याही आल्या.

या व्यायामशाळेत काठी घेऊन येणाऱ्या माणसाचे काय होते ते पाहावे. पुरुषांच्या बारबेलची लांबी २.२ मीटर असते आणि ती ज्या रॅकवर ठेवतात त्याची रुंदी सुमारे १.२ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर लोखंड बाहेर डोकावते, आणि तेही छातीच्या उंचीवर. काठी त्याच्या खालून निर्वेध जाते व कपाळ किंवा छाती दांडीवर आदळते. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता-नियमांनी या गोष्टीस आकडे दिले आहेत. भिंतीवर बसविलेली वस्तू जमिनीपासून २७ ते ८० इंच उंचीच्या पट्ट्यात असेल, तर तिने वाटेत ४ इंचांहून अधिक पुढे येऊ नये. आणि वाट किमान ३६ इंच रुंद असावी. रॅकवरील दांडी ही मर्यादा किती ओलांडते ते उघडच आहे. म्हणून रॅक नेहमी अशा रीतीने लावावा की दांडीची टोके भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे जातील, वाटेकडे नव्हे. ते शक्य नसेल तेव्हा दांडीच्या टोकाखाली काठीला लागेल असा अडसर ठेवावा. केवळ रबरी चटईची कड पुरत नाही, कारण ती पायाला कळली तरी काठी तिच्यावरून सरकून जाऊ शकते. केबल-यंत्रावर लोंबत सोडलेली मूठ ही अशीच दुसरी जागा. ती वापरानंतर अडकवून ठेवणे हा शिस्तीचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे.

ठराविक मार्गाने फिरणारे यंत्र अंधास सर्वथा सुरक्षित व मोकळे वजन धोकादायक, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. उचलण्याच्या क्रियेत दृष्टीचा वाटा समजतात तितका नसतो. दांडी हातात आल्यावर तिचा तोल हातच सांगतात. धोका असतो तो तिच्याकडे जाण्याच्या वाटेत आणि वजन ओळखण्यात. जुन्या लोखंडी चकत्या आकाराने लहानमोठ्या असत, त्या बोटांना ओळखता येत. स्पर्धांत वापरतात त्या रबरी चकत्यांपैकी १० किलोपासून २५ किलोपर्यंतच्या सर्वांचा व्यास ४५ सेंटिमीटरच असतो, फरक केवळ जाडीत आणि रंगात. रंगाची खूण दृष्टिहीनास निरुपयोगी आहे. दांडीच्या एका बाजूस १५ व दुसऱ्या बाजूस २० किलो चढण्याचा संभव येथेच निर्माण होतो.

वजनांची चळत असलेल्या यंत्राचा खरा लाभ तेथे मोजता येते हा होय. एखादी पूर्ण दृष्टिहीन विद्यार्थिनी पायांनी ढकलण्याच्या यंत्रावर दहा वेळा ४० किलो ढकलू शकते असे धरू. प्रत्येक पट्टी ५ किलोची असेल आणि वरची पट्टीही मोजली, तर डीलॉर्मच्या सूत्रातील २०, ३० आणि ४० किलो म्हणजे वरून चौथी, सहावी आणि आठवी पट्टी. चळत पूर्ण थांबलेली असतानाच ती बोटांनी मोजावी. कुणी यंत्र हलवीत असता पट्ट्यांत बोट घालणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी. खीळ पूर्ण आत गेली की नाही हे पाहण्यासाठी ती एकदा ओढून पाहावी आणि मग वजन चार बोटे उचलावे. भार अपेक्षेपेक्षा हलका लागला तर खीळ चुकीच्या भोकात आहे अथवा बसलेलीच नाही, असे समजून ते खाली ठेवावे. आसनाचा टप्पाही असाच, खालून किती भोके, या संख्येने लक्षात ठेवता येतो. स्पर्शपटलावर चालणारी नवी यंत्रे मात्र या दृष्टीने मागे पडलेली आहेत. बटणांचा उठाव गेला आणि त्याबरोबर बोटांची वाटही गेली.

दृष्टी कशाने गेली हाही प्रश्न यंत्रनिवडीपूर्वी येतो. मधुमेहाने दृष्टिपटलावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील आणि त्यांवर उपचार झाले नसतील, तर श्वास कोंडून केलेल्या जड उचलण्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. तेथे डीलॉर्मचे शेवटचे दहा वर्ज्यच ठरतात. काचबिंदू असणाऱ्याने डोके खाली करून करावयाचे व्यायाम टाळावेत. नेत्रवैद्याच्या अनुमतीवाचून अशा व्यक्तीला भार देऊ नये.

उरतो तो शब्द. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘असे करा’ हे डोळसांचे शब्द होत. उपयोगी सूचना स्पर्शबिंदूपासून निघते, मग अवयवाकडे जाते आणि शेवटी दिशेकडे. ‘आसन तुमच्या उजव्या गुडघ्याला लागले आहे. पाठ मागे टेका. टाचा पट्टीच्या मधोमध, दोन्ही पावलांत एक वीत अंतर. आता टाचांनी ढकला.’ येथे उजवे ते तिचे उजवे. समोर उभ्या शिक्षकाचे नव्हे. हात लावून स्थिती सुधारावयाची असल्यास आधी सांगावे आणि संमती घ्यावी. एका उचलण्यात एकच सूचना द्यावी आणि तीही वजन खाली आल्यावर. ढकलण्याच्या मध्यावर बोलल्यास ती ऐकण्यासाठी थांबते आणि त्या थांबण्यातच गुडघा आत वळतो. ‘थांबा’ हा शब्द केवळ संकटासाठी राखून ठेवावा, एरवी ‘पुरे’ म्हणावे. मोठ्या आवाजाचे संगीत हे सारे व्यर्थ करते. शिवाय यंत्रांच्या खडखडाटावरून दालनातील आपली जागा ओळखण्याचा मार्गही तेच बंद करते.

मुंबईत दृष्टिहीन मुलींनी मल्लखांब आत्मसात केला, त्यामागेही असेच कारण दिसते. पुरलेला खांब जागा सोडीत नाही आणि त्याच्याभोवतीची जमीन मोकळी ठेवण्याची रीतच आहे. आधुनिक व्यायामशाळेत मात्र कालची जागा आज तशीच असेल याची हमी कुणी देत नाही. एखादे बाक दोन हात सरकले की त्या विद्यार्थिनीने पावले मोजून पाठ केलेला संपूर्ण नकाशा खोटा ठरतो. म्हणून सामान हलविले तर ती येण्यापूर्वी तिला कळवावे लागते, आणि पहिल्या दिवसाप्रमाणे दारापासून पुन्हा तिच्याबरोबर चालावे लागते.