जादा खर्चाच्या खुलाशाचा मागोवा

वर्ष संपतं, एखाद्या विभागाचा खर्च मंजूर रकमेच्या पुढे गेलेला असतो, आणि विभागप्रमुखाला वित्त समितीपुढे एकपानी टिपण ठेवावं लागतं. किती जास्त झालं, का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, एवढंच त्यात लिहायचं असतं. महापालिकेपासून कंपनीपर्यंत सगळीकडे हे टिपण लिहिलं जातं. पण त्याचं मूळ शोधू गेलं तर दोन घराणी सापडतात. एक संसदेचं, दुसरं कारखान्याचं. पहिलं विचारतं, कोणाला विचारून खर्च केलात? दुसरं विचारतं, नेमका कशावर आणि किती?

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरातही अजमास असत, ताळेबंद असत, आणि खर्च वाढला की कारकुनाला जाब द्यावा लागे. पण तो जाब धन्याला द्यायचा. खर्च मंजूर करणारा वेगळा, करणारा वेगळा आणि तपासणारा तिसराच, ही घडी आपल्याकडे इंग्लंडहून आली.

तिथेही ती एका दिवसात बसली नाही. पार्लमेंट पैसे मंजूर करी, पण ते त्याच कामावर खर्च झाले का, याचा हिशेब फारसा परत येत नसे. 1832मध्ये सर जेम्स ग्रॅहम यांच्या पुढाकाराने आरमाराला असा हिशेब सभागृहापुढे ठेवणं भाग पडलं. मग 1861मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना लोकलेखा समिती नेमली गेली आणि 1866च्या कायद्याने प्रत्येक खात्याला विनियोजन लेखे सादर करणं बंधनकारक झालं. या लेख्यांत मंजूर रकमेशेजारी झालेला खर्च मांडलेला असतो. दोन आकडे शेजारी आले की फरक उघडा पडतो, आणि फरक दिसला की कोणीतरी कारण विचारतोच. खुलासा जन्मला तो या दोन रकान्यांमधल्या जागेत.

भारतात 1860मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला. लोकलेखा समिती यायला मात्र 1921 उजाडलं. तिचा अध्यक्ष सरकारचा अर्थ सदस्यच असे. म्हणजे ज्याने खर्च सांभाळायचा, तोच जाब विचारायला बसलेला! 1950नंतर ती संसदेची समिती झाली, आणि 1967मध्ये मुंबईचे मिनू मसानी तिचे अध्यक्ष झाल्यापासून ते पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला.

संविधानाने जादा खर्चाला दोन वाटा दिल्या आहेत. वर्ष चालू असताना पैसे कमी पडणार असं दिसलं, तर पुरवणी मागणी आणायची. वर्ष संपल्यावर जादा खर्च उघडकीला आला, तर संसदेसाठी अनुच्छेद 115 आणि राज्यांसाठी 205. खर्च होऊन गेलेला असतो, तरी त्याला नव्याने मंजुरी घ्यावी लागते. त्याआधी लोकलेखा समिती प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती तपासते, आणि त्यासाठी खातं स्पष्टीकरणात्मक टिपण देतं. त्यामुळे सरकारी खुलाशाचा सूर आजही थोडा गुन्हा कबूल करणाऱ्यासारखा असतो. मर्यादा ओलांडणं ही इथे नियमभंगाची बाब आहे. खर्च गरजेचा होता, एवढं म्हणून सुटका होत नाही. ‘प्रत्यक्ष गरजेनुसार खर्च झाला’ हे वाक्य वर्षानुवर्षं लिहिलं जातं, पण त्यातून काहीच कळत नाही. गरज आधी का दिसली नाही आणि पुरवणी मागणी का आणली नाही, हे समितीचे खरे प्रश्न.

दुसरं घराणं अमेरिकेतल्या कारखान्यांचं. चार्टर हॅरिसन या हिशेबनीसाने 1911मध्ये प्रमाणित खर्चाची संपूर्ण पद्धत उभी केली आणि 1918पासून लेखांमधून तिची सूत्रं मांडली. 1922मध्ये जेम्स मॅकिन्झी यांचं अंदाजपत्रकीय नियंत्रणावरचं पुस्तक आलं आणि हा विचार कारखान्याच्या शेडमधून कचेरीत शिरला. कारखान्याला कोणाची परवानगी घेतली याचं फारसं पडलेलं नव्हतं. त्याला फरक फोडून हवा होता: वस्तू महाग झाली म्हणून किती, आणि जास्त वापरली म्हणून किती. माझ्या मते एकपानी खुलाशाला जी काही धार आली, ती या फोडीमुळे.

एका काल्पनिक रुग्णालयाचा डिझेलखर्च घेऊ. अंदाजपत्रकात जनरेटरसाठी 10,000 लिटर, 90 रुपये दराने, म्हणजे 9 लाख रुपये. खर्च झाला 10 लाख 45 हजार: 11,000 लिटर, सरासरी 95 रुपयांनी. जादा 1 लाख 45 हजार. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘डिझेल दरवाढ व वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे’. कारणं दोन्ही खरी, पण कोणत्या कारणाचे किती? दर पाच रुपयांनी वाढला, तो 11,000 लिटरवर, म्हणून 55 हजार. उरलेले 90 हजार जास्तीच्या 1,000 लिटरचे, मूळ दराने. म्हणजे दरवाढ हे पुढे केलेलं कारण प्रत्यक्षात लहान वाटेकरी निघालं.

आता ते 1,000 लिटर. जनरेटर तासाला 25 लिटर पितो, तर एवढ्या डिझेलमागे तो 40 तास जास्त चाललेला दिसायला हवा. लॉगबुकात मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर बिघडला तेव्हाचे 28 तास जास्त सापडले. त्याचे 700 लिटर. उरलेले 300 लिटर गेले कुठे? एप्रिलची देयकं उघडली तेव्हा कळलं: ते मागच्या वर्षीच जळले होते. तेव्हा तरतूद संपली म्हणून बिल अडवून ठेवलं आणि नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात चुकतं केलं. रोखीवरच्या हिशेबात खर्च धरला जातो तो पैसे दिल्याच्या तारखेला, म्हणून मागच्या वर्षीचा जादा खर्च यंदाच्या अंगावर आला.

इथे कारखान्याची फोड संसदेच्या प्रश्नाला येऊन मिळते. मागच्या वर्षीचा हिशेब मर्यादेत होता असं समितीला सांगितलेलं होतं; ते कागदावरच खरं होतं. उपायही त्यामुळे बदलतात. नुसत्या दरवाढीचा खुलासा असता तर ‘पुढील वर्षी वाढीव तरतूद करावी’ एवढं लिहून पान संपलं असतं. फोड केल्यावर पाच रुपयांच्या फरकाला पुढच्या अंदाजात नवा दर धरणं पुरतं. 700 लिटरसाठी ट्रान्सफॉर्मरची तेलतपासणी उन्हाळ्याआधी करायची, आणि ते काम विद्युत अभियंत्याचं. 300 लिटरसाठी मात्र दायित्व नोंदवही हवी: माल आला, काम झालं, की बिल येवो न येवो, रक्कम त्याच दिवशी नोंदवायची. मग डिसेंबरातच तरतूद पुरणार नाही हे दिसतं आणि पुरवणी मागणीला किंवा दुसऱ्या शीर्षातून पुनर्विनियोजनाला वेळ उरतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. दर आणि प्रमाण अशी फोड डिझेल, औषधं, मजुरीचे तास यांना लागू पडते. निवृत्तिवेतन किंवा न्यायालयाच्या आदेशाने द्यायची भरपाई यांना लिटर नसतात. तिथे किती प्रकरणं आणि दर प्रकरणी किती, असं मोजावं लागतं. चुकीच्या लेखाशीर्षात पडलेल्या खर्चाला तर फोड लागूच नाही: एका शीर्षात जादा आणि शेजारच्या शीर्षात तेवढीच बचत दिसली की खुलासा लिहिण्याआधी महालेखापालांच्या आकड्यांशी ताळमेळ घालायचा.