अकाली मृत्यूचे मोजमाप : दोन आकडे, दोन प्रश्न

उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल येथील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांच्या मृत्यूंचा हिशेब रिचर्ड डॉल या संशोधकाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. धुळीच्या विभागांत किमान वीस वर्षे काम केलेल्या ११३ पुरुषांची त्यांनी पाहणी केली होती. त्यापैकी ३९ जण मरण पावले होते. हा आकडा अधिक म्हणावा की उणा? कामगार वयस्कर असतील तर इतके मृत्यू स्वाभाविकही असू शकतात. नुसत्या आकड्यावरून याचा निवाडा होत नाही. तो करण्यासाठी जे साधन वापरले जाते त्याचे नाव प्रमाणित मृत्यू गुणोत्तर, म्हणजेच ‘एसएमआर’. याच्या जोडीला ‘गमावलेल्या संभाव्य आयुष्यवर्षां’चे, अर्थात ‘वायपीएलएल’चे, दुसरे माप आहे. ही दोन्ही मापे अकाली मृत्यूविषयीच बोलतात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या प्रश्नांची असतात. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर एखादा गंभीर धोका कागदावरून नाहीसा होऊ शकतो.

अपेक्षित मृत्यू कसे काढतात?

एसएमआरची रीत सोपी आहे. प्रथम प्रत्येक कामगार कोणत्या वयात किती वर्षे निरीक्षणाखाली होता, याची नोंद करतात. एखादा कामगार ४५ ते ४९ या वयोगटात पाच वर्षे राहिला, तर त्या रकान्यात त्याची पाच वर्षे जमा होतात. सर्वांची वर्षे अशी वयोगटवार मिळवली, की त्यांना त्याच वयोगटाच्या आणि त्याच कालखंडातील सर्वसाधारण लोकसंख्येच्या मृत्युदराने गुणतात. या गुणाकारांची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित मृत्यू’. हे कामगार चारचौघांसारखेच जगले असते तर त्यांच्यापैकी किती जण मरण पावले असते, हे ती बेरीज सांगते. प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागून शंभराने गुणले की एसएमआर मिळतो. तो १०० असेल तर धोका इतरांइतकाच. २०० असेल तर दुप्पट.

रॉचडेलच्या ११३ पुरुषांमध्ये अपेक्षित मृत्यू १५.४ होते आणि प्रत्यक्ष मृत्यू ३९. गुणोत्तर आले सुमारे २५३. मात्र डॉल यांच्या अभ्यासाचे खरे मर्म कारणवार विभागणीत आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने ०.८ मृत्यू अपेक्षित असताना ११ झाले. श्वसनसंस्थेचे इतर रोग आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार मिळून ७.६ मृत्यू अपेक्षित होते, तेथे २२ झाले. उरलेल्या सर्व कारणांनी मिळून सात मृत्यू अपेक्षित होते, झाले सहा. म्हणजे हे कामगार सरसकट दुर्बल नव्हते. आधिक्य नेमके अशा रोगांत होते, ज्यांचा संबंध फुप्फुसात साठणाऱ्या धुळीशी लागतो.

येथे एक शंका रास्त आहे. अवघ्या अकरा मृत्यूंवर एवढा भरवसा कसा ठेवावा? त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ गुणोत्तराच्या दोन्ही बाजूंची मर्यादा काढतात. निव्वळ योगायोगाने होणारे चढउतार जमेस धरले, तर अकरा हा आकडा साधारण ५.५ ते १९.७ या सरासरीच्या पट्ट्याशी सुसंगत ठरतो. या दोन्ही टोकांना ०.८ ने भागले की गुणोत्तर सुमारे ६९० ते २४६० यांच्या दरम्यान येते. पट्टा फारच रुंद आहे. त्यामुळे धोका ‘नेमका पावणेचौदा पट’ असे म्हणणे चूक ठरेल. पण पट्ट्याचे खालचे टोकसुद्धा १०० च्या कितीतरी वर असल्याने धोका वाढला होता, याबद्दल संशय उरत नाही. डॉल यांनीही तो दहापटीच्या घरात असल्याचेच नमूद केले. कोठेही एसएमआर वाचताना हा पट्टा सोबत दिला आहे का आणि त्यात १०० हा आकडा सामावतो का, हे प्रथम पाहावे.

एसएमआर कोठे फसवतो?

कामगारांच्या बाबतीत पहिली फसगत तुलनेच्या पायाशीच होते. नोकरीला मुळात धडधाकट माणूस लागतो. आजारी, अपंग आणि अंथरुणाला खिळलेली माणसे सर्वसाधारण लोकसंख्येत मोजली जातात, कारखान्यात मात्र ती नसतात. म्हणून कोणताही विशेष धोका नसलेल्या उद्योगातही कामगारांचा एसएमआर शंभराखाली येणे हे नित्याचे आहे. अशा स्थितीत एखाद्या कारखान्याचा आकडा १०० आला आणि व्यवस्थापनाने ‘धोका नाही’ असे जाहीर केले, तर ते खरे असेलच असे नाही. तो आकडा मुळात ८० असायला हवा असेल, तर १०० हीच धोक्याची खूण ठरते.

दुसरी फसगत दोन एसएमआर शेजारी मांडले की होते. समजा, दोन कारखान्यांत तरुणांचा धोका दुप्पट झाला आहे आणि वयस्करांचा इतरांइतकाच राहिला आहे. पहिल्यात तरुण अधिक असल्याने अपेक्षित मृत्यू तरुणांत आठ आणि वयस्करांत दोन आहेत. प्रत्यक्षात सोळा आणि दोन, म्हणजे अठरा मृत्यू होतात. एसएमआर १८०. दुसऱ्यात अपेक्षित मृत्यू तरुणांत दोन आणि वयस्करांत आठ आहेत. प्रत्यक्षात चार आणि आठ, म्हणजे बारा होतात. एसएमआर १२०. प्रत्येक वयाचा धोका दोन्हीकडे तंतोतंत सारखा असूनही पहिला कारखाना अधिक घातक भासतो. प्रत्येक एसएमआरची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशी करता येते, पण वयोरचना वेगळी असलेल्या दोन गटांची क्रमवारी त्यावरून लावणे धोक्याचे असते.

किती लवकर?

एसएमआरची तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. मृत्यू अपेक्षेपेक्षा किती अधिक झाले हे तो सांगतो, पण माणूस आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर गेला हे सांगत नाही. कल्पना करा, दोन विभागांत प्रत्येकी अडीच मृत्यू अपेक्षित असताना पाच झाले. दोन्हींचा एसएमआर २००. पहिल्या विभागातील मृतांची वये २२, २८, ३४, ४१ आणि ६० आहेत. दुसऱ्यातील ५८, ६१, ६३, ६७ आणि ७२. गुणोत्तर एकच असले तरी झालेली हानी एकसारखी कशी म्हणता येईल?

येथे वायपीएलएल उपयोगी पडते. त्यात एक वयोमर्यादा ठरवतात, बहुधा ६५ किंवा ७५ वर्षे. प्रत्येक मृताचे वय त्या मर्यादेतून वजा करून आलेली वर्षे मिळवतात. मर्यादा ओलांडल्यानंतर झालेला मृत्यू शून्य धरला जातो. ६५ ही मर्यादा धरली तर पहिल्या विभागात ४३, ३७, ३१, २४ आणि ५ मिळून १४० वर्षे गमावली गेली. दुसऱ्यात ७, ४ आणि २ मिळून केवळ १३. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी १९८२ पासून आपल्या साप्ताहिकात हे माप नियमितपणे देण्यास प्रारंभ केला, तो याच कारणाने. एकूण मृत्यूंच्या यादीत तेथे हृदयरोग सर्वांत वर होता. गमावलेली वर्षे मोजताच अपघात पहिल्या स्थानी आले, कारण त्यांत मरणारे बहुतांशी तरुण होते. भारतातही रस्ते अपघातांना हेच लागू पडते. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ जणांनी रस्त्यावर प्राण गमावले आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते.

मात्र वयोमर्यादा निवडणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. वरच्याच उदाहरणात मर्यादा ७५ केली, तर पहिल्या विभागाची १९० वर्षे होतात आणि दुसऱ्याची ५४. अकरापटीचा फरक एकदम साडेतीनपटीवर येतो, मृत्यू मात्र तेच असतात. म्हणून मर्यादा न सांगता दिलेला वायपीएलएलचा आकडा निरर्थक समजावा. शिवाय तरुणांची संख्या अधिक असलेल्या प्रदेशात ही बेरीज आपोआप फुगते. म्हणून प्रदेशांची तुलना करताना ती दर लाख लोकसंख्येमागे काढून वयोरचनेतील फरकही दुरुस्त करावा लागतो.

अ‍ॅस्बेस्टॉसचा धडा

आता पुन्हा रॉचडेलकडे वळू. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणारा मेसोथेलिओमा हा आवरणांचा कर्करोग सामान्यतः पहिल्या संपर्कानंतर तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. पंचविशीत कामाला लागलेला माणूस ५५ ते ६५ या वयात मरतो. त्याच्या नावे ६५ च्या मर्यादेने फार तर दहा वर्षे जमा होतात, कधी एकही होत नाही. वायपीएलएलच्या यादीत असा रोग तळाशी जातो आणि प्रतिबंधाचा पैसा वरच्या कारणांकडे वळतो. एसएमआर मात्र तोच धोका अनेक पटींनी दाखवतो. न्यूयॉर्कमधील आयर्विंग सेलिकॉफ व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या ६३२ कामगारांचा अभ्यास मांडला. त्यात फुप्फुस वा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने ६.६ मृत्यू अपेक्षित असताना ४५ झाले होते. उलटपक्षी अपघातांसारखे तरुणांना गाठणारे संकट वायपीएलएलमध्ये ठळक दिसते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचणे हेच शहाणपणाचे.

अर्थात, दोन्ही मापे नोंदींवर उभी आहेत. कामगार नोकरी सोडून गावी गेला आणि तेथे त्याचा मृत्यू झाला, तर त्याची वर्षे निरीक्षणात मोजली जातात, मृत्यू मात्र मोजला जात नाही. गुणोत्तर खोटेपणाने खाली येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील अ‍ॅस्बेस्टॉसविषयक निकालात प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला, त्याचे महत्त्व यातून कळते. मृत्यूच्या कारणाची अडचण तर याहून मोठी आहे. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. रॉचडेलमध्ये ०.८ विरुद्ध ११ ही तफावत दिसली, ती प्रत्येक मृत्यूपुढे कारण लिहिलेले होते म्हणून. तो रकाना कोरा असता, तर हाती फक्त ३९ हा आकडा उरला असता.