हस्तिदंती मेंढपाळ आणि फलकावरच्या पाच ओळी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि युरोप-अमेरिकेतील इतरही काही संग्रहालयांत एक विशिष्ट प्रकारची हस्तिदंती मूर्ती पाहावयास मिळते. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला एक छोटासा डोंगर, त्याच्या माथ्यावर मांडी दुमडून बसलेला एक बालक, त्याचे मिटलेले डोळे, गालाला टेकलेला हात, खांद्यावर एक कोकरू आणि मांडीवर दुसरे. खाली झरा आहे, पाणी पिणारी मेंढरे आहेत आणि अगदी तळाशी गुहेत पहुडलेली एक स्त्री आहे. शेजारच्या फलकावर बहुधा पाचच गोष्टी लिहिलेल्या असतात: उत्तम मेंढपाळ, गोवा, सतरावे शतक, हस्तिदंत आणि पश्चात्तापी माग्दालेना. हा फलक मराठीत आणावयाचा झाला तर काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. कारण या पाच ओळींत आपल्याच भूमीचा इतिहास दडलेला आहे.

पहिली ओळ सोपी वाटते. मूळ शब्दाचे ‘चांगला धनगर’ असे भाषांतर कोशाला धरून चुकीचे ठरणार नाही. पण आपल्या वाचकाला योहानलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला ‘उत्तम मेंढपाळ’ परिचित आहे. तेव्हा तोच शब्द ठेवावा. तथापि एक खुलासा आवश्यक आहे. शुभवर्तमानातला मेंढपाळ प्रौढ आहे, आपला प्राण देणारा आहे. येथे मात्र तो बाळ येशू आहे आणि निद्रिस्त आहे. म्हणून ‘उत्तम मेंढपाळाच्या रूपातील बाळ येशू’ असे लिहिले म्हणजे पाहणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

त्या मिटलेल्या डोळ्यांमुळे काही अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्धमूर्तीची आठवण होते. दुसरीकडे, झोपलेल्या बाळ येशूचे चित्र युरोपातही प्रचलित होते. भाषांतरकाराने येथे संयम बाळगावा. ‘बुद्धमूर्तीवरून घडविलेली’ असे ठामपणे लिहिणे म्हणजे अनुमानाला वस्तुस्थितीचा दर्जा देणे होय. मूळ फलकावर ‘बहुधा’ असेल तर मराठीतही ‘बहुधा’च हवे. हा छोटा शब्द गाळला गेला की इतिहासात असत्य शिरते.

दुसरी ओळ ‘गोवा’. आजच्या वाचकाच्या मनात या शब्दाने एका राज्याचा नकाशा उभा राहतो. फलकावरील गोवा म्हणजे मुख्यत्वे 1510 साली आफोंसो द आल्बुकेर्कने जिंकलेले आणि पुढे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झालेले शहर, ज्याला आज आपण जुने गोवे म्हणतो. त्याच साम्राज्यात 1534 पासून 1739 पर्यंत आपली वसईही होती. ही एवढी पार्श्वभूमी दिली की दूरच्या काचपेटीतली मूर्ती वसईच्या वाचकाला परकी राहत नाही.

तिसऱ्या ओळीत आकड्यांचा सापळा आहे. सतरावे शतक म्हणजे 1601 ते 1700. घाईत त्याचे ‘1700 चे शतक’ झालेले आढळते आणि मूर्ती एकदम शंभर वर्षांनी तरुण होते. शिवाय या मूर्तींवर कारागिराची सही किंवा साल सहसा नसते. घडणीची तुलना करून अभ्यासक काळ ठरवितात. म्हणून ‘सुमारे’ हा शब्द असल्यास तोही जपावा.

‘हस्तिदंत’ या चौथ्या शब्दापाशी वाचक विचारील, हत्ती कोठला? भारतीय हत्तिणीला मोठे सुळे नसतात, तर आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात आणि ते आकारानेही मोठे असतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि तेथून हस्तिदंत जहाजाने गोव्यास येई. माल आफ्रिकेचा, विषय शुभवर्तमानाचा, हात भारतीय आणि गिऱ्हाईक बहुधा युरोपीय, असा हा प्रवास आहे.

ते हात कोणाचे? फलकावर ‘गोव्यात कोरलेली’ एवढेच असते. कोरणारा वाक्यातून नाहीसा होतो. मराठीत असा कर्ता लपविणे सहज जमते, म्हणून येथे एक वाक्य जोडणे आम्हांस न्याय्य वाटते. 1567 साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. जे घडतच नाही त्याला कोणी मनाई करीत नाही. हिंदू कारागीर ख्रिस्ती मूर्ती घडवीत होते, हे त्या मनाईनेच सिद्ध होते. मात्र एखादी विशिष्ट मूर्ती हिंदूने घडविली की नवख्रिस्ती कारागिराने, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून फलकावर ‘भारतीय कारागीर’ एवढेच लिहावे.

आता शेवटची आणि सर्वांत नाजूक ओळ. गुहेतल्या स्त्रीला ‘पश्चात्तापी माग्दालेना’ म्हणतात. मराठीत कधी कधी त्यावर ‘पतित स्त्री’ किंवा याहून कठोर शब्दाची भर पडते. शुभवर्तमानात असे कोठेही म्हटलेले नाही. लूक सांगतो की तिच्यातून सात भुते निघाली होती. तीच क्रुसाजवळ उभी होती आणि पुनरुत्थित प्रभूचे दर्शन तिला घडले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी आपल्या प्रवचनात तिला लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीशी एकरूप मानले आणि पाश्चात्त्य कला शतकानुशतके त्याच वाटेने गेली. 1969 च्या उपासना-दिनदर्शिकेत ही सरमिसळ दूर झाली. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला. मूर्तिकाराने पश्चात्तापीच घडविली आहे, तेव्हा तो शब्द काढू नये. पण ही त्या काळची समजूत होती, हे सांगावे.

हे सारे फलकावर मावत नाही. उभ्याउभ्या वाचणारा मनुष्य पन्नाससाठ शब्दांपलीकडे थांबत नाही. म्हणून आम्ही मूळ मजकूर आणि जोडलेली पार्श्वभूमी वेगळ्या परिच्छेदांत ठेवू; संग्रहालयाचे शब्द कोणते आणि आमचे कोणते, हे वाचकाला कळलेच पाहिजे. आमचा मसुदा असा:

‘उत्तम मेंढपाळाच्या रूपातील बाळ येशू. पायथ्याशी पश्चात्तापी माग्दालेना. हस्तिदंत. गोवा, सतरावे शतक.

पार्श्वभूमी: पोर्तुगीज राजवटीत भारतीय कारागिरांनी घडविलेली मूर्ती. गोव्यात आफ्रिकेतून हस्तिदंत येत असे. झरा ख्रिस्ताच्या कृपेचे, तर मेंढरे श्रद्धावंतांचे प्रतीक. माग्दालेनेला पापी स्त्री मानण्याची प्रथा त्या काळची. शुभवर्तमानात ती पुनरुत्थानाची साक्षीदार आहे.’

यात बुद्धाचा उल्लेख नाही, 1567 चा नाही. ती माहिती खरी असली तरी मूर्ती समजण्यास तिच्यावाचून अडत नाही. ती पुस्तिकेत जावी. माग्दालेनेबद्दलचे वाक्य मात्र आम्ही जागा काढून ठेवले, कारण ते नसते तर आमच्या अक्षरांनीच एका संत स्त्रीवर जुना डाग पुन्हा लागला असता.